पहिल्या बाकाचा अर्ज

महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात दरवर्षी एका विशिष्ट प्रकारचा अर्ज येतो. मजकूर बहुधा दोनच ओळींचा असतो. ‘मला कमी दिसते. तरी मला पुढच्या बाकावर बसण्याची व मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका मिळण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.’ सोबत अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडलेली असते. प्राचार्य त्यावर ‘मान्य’ असं लिहून सही करतात, अर्ज फायलीत जातो आणि परीक्षेच्या दिवशी त्या मुलीच्या हातात इतर सगळ्यांसारखीच प्रश्नपत्रिका पडते. यात कुणी मुद्दाम काही अडवलेलं नसतं. ‘मोठं’ म्हणजे नेमकं किती, ते कुणी करायचं आणि कधी करायचं, हे अर्जातही नसतं आणि मंजुरीतही नसतं.

म्हणून हा अर्ज कसा लिहिला तर चालतो, हे एका नमुन्यावरून सविस्तर पाहू. विद्यार्थिनी कल्पित आहे, पण तिचे आकडे नेत्रविभागाच्या कागदांवर रोज दिसतात तसेच आहेत. ती बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. तिला स्टारगार्ट नावाचा दृष्टिपटलाचा आजार आहे. त्यात नजरेच्या मध्यभागी एक काळपट डाग बसतो आणि कडेची नजर शाबूत राहते. चष्म्याने फरक पडत नाही, कारण बिघाड भिंगाचा नसून पडद्याचा आहे. दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६० आहे. निरोगी डोळा जे अक्षर ६० मीटरवरून ओळखतो, ते ओळखायला तिला ६ मीटरवर यावं लागतं.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा नजरेचा आवाका ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल, तर ती व्यक्ती अल्पदृष्टी असलेली धरतात. सरकारी तक्त्यानुसार दोन्ही डोळे ६/६० असले की ४० टक्के दिव्यांगत्व भरतं. बहुतेक सवलतींची रेषा तिथूनच सुरू होते, आणि आपली विद्यार्थिनी बरोबर त्या रेषेवर आहे.

कडेची नजर चांगली असल्यामुळे ती जिना न चाचपडता चढते आणि गर्दीतून धक्का न लावता जाते. खिडकीतला कारकून तिला येताना पाहतो आणि म्हणतो, “दिसतंय की गं तुला!” त्याचंही चुकत नाही, तिला दिसतंच. पण चालायला लागणारी नजर वेगळी आणि वाचायला लागणारी वेगळी. अर्जात आजाराच्या नावापेक्षा हा फरक सांगणं जास्त उपयोगी पडतं. ‘स्टारगार्ट’ वाचून परीक्षा विभागाला काहीच कळत नाही. ‘मी विनामदत चालू शकते, पण नेहमीच्या प्रश्नपत्रिकेतला मजकूर मला तेरा सेंटिमीटरवर धरला तरच जेमतेम लागतो’ हे वाक्य मात्र शिपायालाही कळतं.

आता पहिला बाक. वर्गात जे बरं पडतं तेच परीक्षेतही मागायचं, अशा सवयीने ही मागणी केली जाते. परीक्षेत फळ्यावर फारसं काही नसतं. उरलेली वेळ असते, ब्लॉकचे बैठक क्रमांक असतात आणि कधी कधी चुकीची दुरुस्ती असते: ‘प्रश्न ३ (ब) मध्ये १५० ऐवजी १०५ वाचावे.’ या शेवटच्या ओळीवर मात्र पाच-दहा गुण अवलंबून असू शकतात. समजा पर्यवेक्षकांनी ती चार सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहिली. निरोगी डोळ्याला असं अक्षर सत्तावीस-अठ्ठावीस मीटरपर्यंत ओळखता येतं. आपल्या विद्यार्थिनीला त्याच्या एक दशांश अंतरावरून, म्हणजे पावणेतीन मीटरवरून. तेही एकेक अक्षर लावत. सहज वाचायचं तर अक्षर ओळखण्याच्या मर्यादेपेक्षा निदान दुप्पट मोठं दिसावं लागतं, म्हणजे अंतर दीड मीटरच्या आत हवं. पहिला बाक फळ्यापासून साधारण दोन ते अडीच मीटरवर असतो. तेव्हा पहिल्या बाकावर बसूनही ती फळा धड वाचू शकत नाही. पाचव्या बाकावरून तर अक्षर चांगलं चार बोटांपेक्षा उंच असेल तेव्हाच ते तिला ओळखू येईल.

मग पहिला बाक मागूच नये का? मागावा, पण त्याच्यासोबत आणखी एक वाक्य मागावं: फळ्यावर जे लिहिलं जाईल ते मोठ्याने वाचून दाखवावं, आणि दुरुस्ती असेल तर ती जाड पेनाने कागदावर लिहून माझ्या हातात द्यावी. याला पैसाही लागत नाही आणि वरिष्ठांची खास मंजुरीही लागत नाही. ब्लॉक सुपरवायझरला ते आधी ठाऊक असलं की झालं. पहिल्या बाकाचा खरा फायदा सुपरवायझर जवळ असण्याचा आहे. हळू आवाजात विचारता येतं, आणि पुरवणी मागायला हात वर करून ताटकळत बसावं लागत नाही.

बाकाचं दुसरं अंग म्हणजे उजेड, आणि तिथे प्रत्येकाची गरज वेगळी असते. पडद्याच्या मधल्या भागाचा आजार असलेल्यांना कागदावर भरपूर उजेड लागतो, पण तो डोळ्यांत आलेला चालत नाही. म्हणजे खिडकी बाजूला हवी, समोर नको. वर्णहीनता असलेल्या विद्यार्थ्याला खिडकीजवळचा बाक ही शिक्षाच. त्याला सावलीतली जागा हवी आणि टोपी घालू देण्याची परवानगी हवी. ज्यांची बुबुळं सतत हलतात, त्यांच्यापैकी बरेच जण मान एका बाजूला वळवून बघतात, कारण त्या कोनात बुबुळं थोडी स्थिरावतात. अशा विद्यार्थ्याला पहिल्या रांगेचं उजवं किंवा डावं टोक लागतं. शिवाय मान वळवलेली पाहून कुणी कॉपीचा संशय घेऊ नये, म्हणून ते आधीच लिहून ठेवलेलं बरं.

खरं काम अडतं ते प्रश्नपत्रिकेवर. ‘मोठी अक्षरं’ म्हणजे किती मोठी, हे विद्यार्थिनीनेच घरी मोजायचं असतं आणि त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही. गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतला एक उतारा टाइप करून तो १२, १८, २४ आणि ३० पॉइंटमध्ये छापून घ्यावा. दर वेळी मजकूर वेगळा असावा, नाहीतर पाठ होतो. नेहमीच्या अंतरावर धरून मोठ्याने वाचावा आणि घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द होतात ते लिहावं. आपल्या विद्यार्थिनीचे आकडे समजा असे आले: १२ पॉइंटला २५ शब्द, १८ ला ४८, २४ ला ६५ आणि ३० ला ६७. म्हणजे २४ पर्यंत वेग वाढत गेला आणि पुढे जवळजवळ थांबला. जिथे वेग वाढायचा थांबतो, तेच तिचं माप. ३० पॉइंट मागून काही मिळणार नाही, फक्त पानं वाढतील. १८ वर समाधान मानलं तर वेगाचा चौथा हिस्सा जाईल. सातशे शब्दांची प्रश्नपत्रिका एकदा वाचायला १२ पॉइंटमध्ये अठ्ठावीस मिनिटं लागतात, २४ पॉइंटमध्ये अकरा. आणि प्रश्नपत्रिका कुणी एकदाच वाचत नाही.

मोठी अक्षरं सगळ्यांना मानवतात असंही नाही. रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या आजारात कडेची नजर जाते आणि नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मधली नजर तीक्ष्ण राहिलेली असेल, तर अशा विद्यार्थ्याच्या आवाक्यात मोठी अक्षरं दोन-तीनच मावतात आणि वाचन उलट रखडतं. त्याला नेहमीचंच अक्षर, गडद शाई आणि चांगला दिवा हवा असतो. त्याच्या ‘सोयीसाठी’ कुणी आपणहून मोठी प्रत दिली, तर पेपर कठीणच होईल.

आता हे २४ पॉइंट केंद्रावर कसे करायचे? परीक्षा विभागाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे ए-फोर कागदाची ए-थ्रीवर झेरॉक्स. मशिनवर त्याचं बटण तयार असतं, १४१ टक्के. कागद क्षेत्रफळाने दुप्पट होतो म्हणून अक्षरही दुप्पट झालं असं वाटतं, पण उंची जेमतेम दीडपट होते. प्रश्नपत्रिका मुळात ११ पॉइंटची असेल तर हाती येतात साडेपंधरा. आपल्या विद्यार्थिनीचं काम त्यात होत नाही, आणि विभागाचं म्हणणं असतं, “मोठी करून दिली होती की!” दोघंही खरं बोलत असतात.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे मूळ फाइलमध्येच अक्षराचा आकार बदलून पुन्हा छापणं. ओळी नव्याने जुळतात, साध्या ए-फोर कागदावर काम भागतं, आणि दोन पानांची पत्रिका नऊ-दहा पानांची होते. कागद एकाच बाजूने छापलेला हवा, कारण पातळ कागदावर मागचा मजकूर पुढे उमटतो आणि कमी नजरेला तो खोडायची युक्ती जमत नाही. पण ही मूळ फाइल विद्यापीठाकडे असते, केंद्राकडे नसते. म्हणून हा मार्ग हवा असेल तर अर्ज विद्यापीठापर्यंत वेळेत पोहोचायला हवा.

केंद्राच्या हातात आहे तो दुसरा मार्ग फारसा कुणाला माहीत नसतो. पान पूर्ण न घेता अर्धं घ्यायचं. ए-फोरचा अर्धा भाग ए-थ्रीवर घेतला की वाढ बरोबर २०० टक्के होते आणि ११ चे २२ पॉइंट होतात. तिच्या मापाच्या ते पुरेसं जवळ आहे. एका पानाच्या दोन ए-थ्री, दोन पानांच्या चार. दोन अर्ध्यांमध्ये एखादी ओळ दोन्हीकडे येईल असा कागद ठेवायचा, म्हणजे कुठला प्रश्न मधोमध कापला जात नाही. आज अनेक विद्यापीठं प्रश्नपत्रिका परीक्षेच्या थोडा वेळ आधी ऑनलाइन पाठवतात आणि केंद्रावरच ती छापली जाते, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम आहे. अट एवढीच की ते प्रिंटरमधून निघालेल्या पहिल्या प्रतीवरून व्हावं. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून मोठं केलं की डागही मोठे होतात.

देवनागरीत डागांचा त्रास अधिक. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यात फरक एका छोट्या रेघेचा किंवा गाठीचा असतो. अनुस्वार तर नुसता ठिपका. शिवाय वेलांटी, रफार, उकार यांना वरखाली जागा द्यावी लागते, म्हणून त्याच पॉइंटमध्ये देवनागरीचं मूळ अक्षर रोमनपेक्षा बहुधा लहान दिसतं. माप ठरवण्याची चाचणी ज्या भाषेत पेपर आहे त्याच भाषेत घ्यायची ती यासाठीच. अर्थशास्त्राच्या पेपरात आणखी एक अडचण असते: आलेख, अक्षांवरचे आकडे आणि संख्याशास्त्राच्या सूत्रांतले घातांक. मजकूर २४ पॉइंट झाला तरी आलेख चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर तसाच लहान राहतो. ‘आलेख, तक्ते व सूत्रांसह’ हे शब्द अर्जात हवेत.

चार ए-थ्री कागद, उत्तरपत्रिका आणि तेरा सेंटिमीटरवर आलेला चेहरा हे सगळं उतरत्या फळीच्या अरुंद बाकावर मावत नाही. म्हणून टेबल मागायचं. आता अर्ज पाहू.

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ
(मा. प्राचार्य यांच्यामार्फत)

विषय : अल्पदृष्टीमुळे मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, आसनव्यवस्था व वाढीव वेळ मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र या वर्गाची विद्यार्थिनी असून माझ्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी चष्म्यासह ६/६० आहे. दिव्यांगत्व ४० टक्के असून ते कायमस्वरूपी आहे. मी स्वतः वाचते व स्वतः लिहिते. मला लेखनिक नको आहे.

नेहमीच्या छपाईतील मजकूर मी मिनिटाला सुमारे २५ शब्द या गतीने वाचते, २४ पॉइंटमध्ये सुमारे ६५. म्हणून प्रश्नपत्रिका २४ पॉइंट ठळक अक्षरांत, आलेख, तक्ते व सूत्रांसह, एकाच बाजूने छापून मिळावी. ते शक्य नसल्यास मूळ पानाचा प्रत्येक अर्धा भाग ए-थ्री कागदावर २०० टक्के करून मिळावा. ए-फोरवरून ए-थ्री ही नेहमीची वाढ (१४१ टक्के) मला पुरत नाही. सोबत मूळ प्रतही मिळावी.

मला फळ्याजवळची पहिल्या रांगेतील जागा, सपाट मोठे टेबल व बाजूने येणारा उजेड मिळावा. फळ्यावरील सूचना तोंडी सांगाव्यात व दुरुस्ती कागदावर लिहून द्यावी. माझा ब्लॉक व जागा आदल्या दिवशी कळवावी. सूचनाफलकावरील यादी मला वाचता येत नाही.

मला हातात धरण्याचे भिंग, टेबलदिवा व जाड टोकाचे काळे पेन वापरू द्यावे. नियमानुसार तासाला २० मिनिटे वाढीव वेळ मिळावी.

सोबत : दिव्यांगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, नेत्रतज्ज्ञांचा अहवाल, २४ पॉइंटमधील छपाईचा नमुना.

आपली विश्वासू,
(नाव, वर्ग, बैठक क्रमांक, विषय व परीक्षेच्या तारखा)

यातली सगळ्यात कामाची गोष्ट सोबतच्या यादीत शेवटी आहे. छापलेला नमुना जोडला की पॉइंट म्हणजे काय हे कुणाला समजावावं लागत नाही. झेरॉक्स काढणारा माणूस तो कागद शेजारी ठेवून ताडून पाहतो.

‘लेखनिक नको’ हे वाक्यही मुद्दाम आहे. कमी दिसतं असं कळलं की विभागाला लेखनिक देणं सोपं वाटतं. केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या लेखी परीक्षांच्या मार्गदर्शक सूचनांत अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना मागितल्यास लेखनिक देण्याची तरतूद होती. इतरांना, म्हणजे अल्पदृष्टी असलेल्यांनाही, लिहिता येत नसल्याचं शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागे. त्याच सूचनांत ब्रेल, संगणक, मोठी छपाई यांपैकी पद्धत निवडण्याची मुभा होती, आणि लेखनिक न घेणाऱ्यालाही तासाला किमान वीस मिनिटं जादा होती. अडीच तासांच्या पेपरला ती पन्नास मिनिटं होतात. मात्र छपाईच्या पर्यायाला ‘शक्यतो’ हा शब्द जोडलेला होता, आणि सगळी टाळाटाळ त्या शब्दाच्या आडोशाने चालते. अर्जात दुसरा, केंद्रावर जमण्याजोगा मार्ग लिहिला की ‘शक्य नाही’ म्हणायला जागा उरत नाही. या सूचना वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाआधी विद्यापीठाचं ताजं परिपत्रक पाहावं. कायद्याचं कलम १७ मात्र पक्कं आहे. परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी त्याने सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे.

ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे, त्यांना अनेकदा खिडकीवरूनच परत पाठवलं जातं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात लेखनिकाच्या संदर्भात हीच रेषा नाकारली. दिव्यांग व्यक्तीला गरजेनुसार सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांवर अवलंबून नाही, असं त्या निकालाचं तात्पर्य होतं. तो उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या विकाराने त्रस्त होता, नजरेचा प्रश्न नव्हता. पण तर्क तोच लागू पडतो आणि अर्जात त्या निकालाचा उल्लेख करायला हरकत नाही.

अर्ज परीक्षा फॉर्मसोबतच द्यावा, हॉल तिकीट आल्यावर नव्हे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा, कारण ‘अर्ज आलाच नाही’ हे उत्तर सर्वांत सोपं असतं. मंजुरीच्या पत्रात नुसतं ‘सवलत मंजूर’ न लिहिता पॉइंट, टक्के आणि टेबल हे शब्द आले आहेत का ते वाचून घ्यावं. नसतील तर त्याच आठवड्यात पुन्हा मागावेत. परीक्षा दुसऱ्या महाविद्यालयात असेल, तर ते पत्र तिथल्या वरिष्ठ पर्यवेक्षकांना स्वतः नेऊन दाखवावं. वाढीव वेळ घेणाऱ्यांना बहुतेक केंद्रांवर वेगळ्या खोलीत बसवतात. तसं असेल तर पहिल्या रांगेचा मुद्दाच उरत नाही, पण टेबल आणि दिवा लागतोच. खोलीत प्लगपॉइंट आहे का, तो चालू आहे का, हे आदल्या दिवशी पाहून घ्यावं.

एवढं करूनही पेपरच्या दिवशी नेहमीचीच प्रत हातात आली, तर ती हातात आल्याची वेळ पर्यवेक्षकांकडून अहवालात लिहून घ्यावी आणि मोठी प्रत येईपर्यंत भिंगाने वाचून लेखन सुरू करावं. मोठी प्रत किती वाजता मिळाली तेही लिहून घ्यावं. मधे गेलेली मिनिटं वाढीव वेळेच्या वर, वेगळी मागता येतात, पण नोंद असेल तरच. नोंदीची प्रत मिळाली नाही तर त्याच दिवशी, केंद्राबाहेर पडण्याआधी, साध्या कागदावर दोन ओळींत ती हकिगत लिहून केंद्रप्रमुखांकडे द्यावी आणि तिच्यावरही शिक्का घ्यावा.